सागवानी पलंग, पश्चिमेची खिडकी आणि शेजारचे तीन रंग

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, बारा बाय दहाची बेडरूम. घरातल्या ताई एका रुग्णालयात परिचारिका आहेत. महिन्यातले पंधरा दिवस त्यांची रात्रपाळी असते. सकाळी साडेआठला घरी येतात, अंघोळ-नाश्ता करून साडेनऊला आडव्या होतात आणि चारपर्यंत झोपायचा प्रयत्न करतात. खोलीला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. म्हणजे सकाळी झोप लागते आणि दोन वाजल्यानंतर ऊन आत शिरलं की मोडते. भिंती बिल्डरने दिलेल्या पिवळसर क्रीम. समोरच्या भिंतीवर आधीच्या रंगकामात कुणीतरी मारून दिलेला गडद मरून पट्टा. ताईंचं म्हणणं साधं होतं: "डोळे उघडले की तो पट्टा अंगावर येतो. मला शांत खोली हवीय. निळी करू या."

त्यांना तीन शेजारचे रंग वापरून खोली करायची होती, हेही त्यांनीच सुचवलं. कुठेतरी फोटो पाहिला होता: आकाशी भिंती, गडद निळी चादर, जांभळट पडदे. कल्पना चांगली होती. बारा रंगांचं चक्र डोळ्यांसमोर आणलं, तर निळा मधोमध, त्याच्या एका बाजूला निळा-हिरवा म्हणजे आपला मोरपंखी, आणि दुसऱ्या बाजूला निळा-जांभळा. तिन्ही एकमेकांना चिकटून. शेजारच्या रंगांत निळा सगळ्यांत मिसळलेला असतो, त्यामुळे नजर एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना अडखळत नाही. खोली शांत वाटते ती यामुळे. निळ्यात काही जादू असते म्हणून नव्हे.

पण त्या खोलीत एक गोष्ट होती जी ताई बदलणार नव्हत्या. सासऱ्यांनी करून घेतलेला सागवानी पलंग आणि त्याच लाकडाचं सहा फुटी कपाट. पॉलिश उतरत आलेलं, तरी रंग अस्सल, मधासारखा. जमिनीवर क्रीम विट्रिफाइड फरशी, तीही पिवळसर झाकेची. लाकूड आणि फरशी मिळून खोलीचा मोठा भाग आधीच रंगलेला होता, आणि तो रंग पिवळा-नारिंगी ते नारिंगी या पट्ट्यातला होता. आमच्या कामात लोक इथेच फसतात. तीन रंग मोजताना भिंत, पडदा, चादर मोजतात आणि लाकूड "लाकूड" म्हणून सोडून देतात. डोळा मात्र ते सोडत नाही. त्याच्यासाठी सागवान हा नारिंगीच.

आता चक्र पुन्हा पाहा. नारिंगीच्या बरोब्बर समोर निळा. पिवळ्या-नारिंगीच्या समोर निळा-जांभळा. लाल-नारिंगीच्या समोर निळा-हिरवा. म्हणजे ताईंनी निवडलेले तिन्ही रंग त्यांच्या पलंगाच्या समोरासमोर उभे ठाकणारे होते. विरुद्ध रंग शेजारी आले की दोघंही एकमेकांना पेटवतात. फ्रान्समध्ये गोबेलँच्या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईखातं सांभाळणारा रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ साली यावर अख्खा ग्रंथ लिहिला. धाग्याचा रंग बदललेला नसतो, शेजार बदललेला असतो, हे त्याने पक्कं दाखवलं.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून मी एक फळी रंगवून नेली. दोन फूट बाय दोन फूट हार्डबोर्ड, त्यावर पुट्टी, प्रायमर आणि फिक्या निळ्याचे दोन हात. ती पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे उभी केली. ताईंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "पलंगाला पॉलिश केल्यासारखं दिसतंय." बरोबर होतं. लाकूड एकदम केशरी झालं होतं. पाहुण्यांच्या खोलीत, दिवाणखान्यात मी ही जोडी आनंदाने वापरेन, सागवान त्यात खुलतं. पण झोपायच्या खोलीत उशीच्या मागेच ही झटापट नको होती.

म्हणून तीन रंगांची चौकट तशीच ठेवून ती चक्रावर दोन घरं सरकवली. मधोमध हिरवा, एका बाजूला निळा-हिरवा, दुसऱ्या बाजूला पिवळा-हिरवा. फायदा असा की पिवळा-हिरवा हा सागवानाच्या पिवळ्या-नारिंगीपासून दोनच घरं लांब राहतो. मध्ये फक्त पिवळा, आणि तो फरशीत आहेच. लाकूड मग परकं राहत नाही, या रांगेच्या टोकाला येऊन बसतं. ताईंचा निळाही पूर्ण गेला नाही, मोरपंखीत उरला.

जागा कुठली कुणाला द्यायची, हे मी लाकडावरूनच ठरवलं. सगळ्यांत पिवळट रंग लाकडाच्या सगळ्यांत जवळ, सगळ्यांत निळसर रंग सगळ्यांत दूर. म्हणून पलंगामागची दहा फुटी भिंत शेवाळी: पिवळा-हिरवा, पण चांगलाच मळवलेला, जुन्या वाड्याच्या दगडावर पावसाळ्यानंतर वाळत आलेल्या शेवाळासारखा. बाकीच्या तीन भिंती फिक्या, करड्या हिरव्या. आणि मोरपंखी फक्त खिडकीजवळच्या खुर्चीच्या कापडात, पायथ्याशी घडी घालून ठेवायच्या पांघरुणात आणि एका दिव्याच्या शेडमध्ये. ही तिन्ही ठिकाणं कपाटापासून लांबची.

फिका, करडा हिरवा म्हणजे नेमका कुठला, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. पेरूचं पान उलटं करून पाहा. वरची बाजू हिरवीगार, मागची बाजू फिकी, पीठ लावल्यासारखी. ताईंच्या गॅलरीत कुंडीत पेरू होता. मी एक पान तोडून उलटं केलं आणि शेड कार्डावर फिरवत बसले. त्या पानाशी जुळणाऱ्या खुणेवर बोट ठेवून ताई म्हणाल्या, "हाच." मी म्हटलं, "हा नाही. याच्याही खालचा, जो हिरवा वाटतच नाही तो."

कारण असं. कार्डावरचा तुकडा दोन इंचांचा असतो आणि त्याच्याभोवती पांढरा कागद असतो. भिंतीवर तोच रंग शेकडो चौरस फूट होतो. त्यातही या भिंतीवरून उडालेला हिरवट प्रकाश त्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा इकडे येतो आणि प्रत्येक फेरीत रंग थोडा थोडा दाट होतो. चार भिंती एकाच कुळातल्या असल्या की हे आणखी वाढतं, आणि शेजारच्या तीन रंगांच्या खोलीत त्या एकाच कुळातल्या असतातच. म्हणून या प्रकारच्या खोलीत माझा आडाखा ठरलेला आहे: पांढऱ्या कागदाशेजारी धरल्यावर जो तुकडा "राखाडी, बहुतेक हिरवट" वाटतो, तो भिंतीवर छान हिरवा दिसतो. जो तुकडा कार्डावरच हिरवा दिसतो, तो भिंतीवर दवाखान्याचा होतो. आणि ताई आयुष्यभर दवाखान्याच्याच हिरव्यात काम करत आलेल्या. त्यांना घरी येऊन तेच बघायला लावणं हा अन्याय झाला असता.

रंग मळवणं इतकं महत्त्वाचं का, याला केवळ आवडनिवड कारण नाही. १९९४ साली व्हाल्डेझ आणि मेहरेबियन या दोन मानसशास्त्रज्ञांनी रंगांवर जे प्रयोग केले, त्यात रंग जितका तीव्र, तितकी मनाची उत्तेजना जास्त असं दिसलं. म्हणजे झगझगीत पोपटी, झगझगीत हिरवा आणि झगझगीत मोरपंखी हे तीन शेजारी शेजारी ठेवले, तर चक्राचा नियम पाळला जातो आणि झोप मात्र उडते. नियमाचं नाव शांत रंगसंगती असलं, तरी शांतता येते ती तीव्रता उतरवल्यावर.

दोन फळ्या रंगवून खोलीत आठवडाभर ठेवल्या. एक पेरूच्या पानाची, एक त्याखालच्या राखाडीची. जुन्या भिंतीवर थेट नमुना मारायचा नाही, हे मी रंगारी मामांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पिवळसर क्रीमवर मारलेला हिरवा आहे त्यापेक्षा निळसर दिसतो आणि निवड चुकते. फळी हलवता येते, खिडकीशेजारच्या भिंतीलाही लावता येते. तिथे प्रकाश थेट पडतच नाही, त्यामुळे तीच भिंत कायम सगळ्यांत काळवंडलेली दिसते. ताईंना सांगितलं होतं की सकाळी कामावरून आल्यावर, चार वाजता उठल्यावर आणि रात्री दिवा लावून, अशी तीनदा नजर टाका. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. सकाळी दोन्ही फळ्या चांगल्या दिसतात, पण रात्री राखाडी फळी "चहा सांडल्यासारखी" दिसते.

हे अपेक्षित होतं. खोलीत २७०० केल्विनचा पिवळा दिवा होता. अशा प्रकाशात निळा भाग कमी असतो, त्यामुळे हिरवा रंग एक पाऊल पिवळ्याकडे सरकतो आणि फिक्या करड्या हिरव्याचा खाकी होतो. झोपायच्या खोलीत पांढरा दिवा लावून हे सुटलं असतं, पण रात्री तो मला नको होता. मग भिंतीचाच रंग किंचित निळसर बाजूला नेला: राखाडी तेवढाच, हिरवा थोडा मोरपंखीकडे झुकलेला. दिवसा तो थंड वाटतो, रात्री पिवळ्या दिव्यात बरोबर मधल्या हिरव्यावर येऊन थांबतो. दिवाही बदलला. तापमान तेच, फक्त खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेला. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा हा आकडा. आधीच्या स्वस्त दिव्याखाली मोरपंखी कापडाचा नमुना नुसता काळपट दिसत होता.

रंगाचं गणित थोडक्यात. साडेनऊ फूट उंची धरून, खिडकी, दोन दारं आणि कपाटामागची जागा वजा करून तीन भिंतींचे साधारण २२५ चौरस फूट निघाले. दोन हातांना लिटरमागे ६५ चौरस फूट धरले, की साडेतीन लिटर. चार लिटरचा एक डबा पुरला. पलंगामागच्या ९५ फुटांना दीड लिटर, म्हणजे एक-एक लिटरचे दोन डबे. हे दोन डबे मामांनी आधी एका बादलीत एकत्र ढवळून घेतले. मशीनवर एकाच शेडचे दोन डबे केले तरी केसभर फरक पडू शकतो, आणि मळवलेल्या रंगात तो भिंतीच्या मधोमध पट्टा होऊन दिसतो. फिनिश मॅट. चमक असलेला रंग खिडकीचं प्रतिबिंब भिंतीवर पाडतो, आणि दुपारी झोपणाऱ्या माणसाला ते नको असतं. मरून पट्ट्यावर आधी प्रायमरचे दोन हात दिले, नाहीतर तो खालून तांबूस डोकावला असता. छताला शुद्ध पांढऱ्याऐवजी त्यात भिंतीच्या रंगाची अगदी थोडी झाक दिली, कारण आडवं पडल्यावर माणूस छतच बघतो आणि कोऱ्या पांढऱ्याची कड तिथे सुरीसारखी दिसते.

भिंती झाल्या, खोली सुंदर दिसली, आणि मग माझी चूक झाली. पडद्यांची.

पिवळा-हिरवा पलंगामागे आहेच, तो खिडकीतही यावा म्हणजे दोन टोकं जोडली जातील, या विचाराने मी फिक्या पोपटी रंगाचं पातळ सुती कापड घेतलं. दुकानात तुकडा हातावर टाकून पाहिला, भिंतीच्या नमुन्याशेजारी धरला, सगळं जुळत होतं. पडदे शिवून लावले सकाळी अकराला, तेव्हाही छान दिसले. तीन वाजता ताईंनी व्हिडिओ कॉल केला. त्या पलंगावर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसत होता. माझ्या फोनचा दोष असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेले. दोष फोनचा नव्हता. पश्चिमेचं ऊन त्या पातळ कापडातून गाळून येत होतं, आणि खोलीत येणारा जवळजवळ सगळा प्रकाशच पोपटी झाला होता. पांढरी उशी पोपटी, हात पोपटी, करड्या भिंती चक्क हिरव्यागार. मी आठवडाभर फळ्या घेऊन जो हिरवा उतरवला होता, तो पडद्याने एका दुपारीत परत चढवला.

पडदा हा मी कापड म्हणून निवडला होता. पण उन्हाच्या खिडकीवरचा पातळ पडदा हा दिव्यावर लावलेल्या रंगीत काचेसारखा असतो. त्याचा रंग खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर चढतो, आणि हिरव्या प्रकाशात माणसाची कातडी सगळ्यांत वाईट दिसते. हे ओळखायची सोपी खूण अशी: भर उन्हाच्या वेळी कापडाचा तुकडा खिडकीला लावायचा आणि त्यातून गाळून येणाऱ्या उन्हात हात धरायचा. तळहात निरोगी दिसला तर कापड चालेल. मी ही चाचणी सकाळी अकराच्या सावलीत केली असती तरी फसलेच असते. ती पश्चिमेच्या खिडकीला तीन-चार वाजताच करायला हवी.

पडदे फेकले नाहीत. मागून मळकट पांढऱ्या रंगाचं, प्रकाश अडवणारं जाड अस्तर लावून घेतलं आणि पडदा खिडकीच्या दोन्ही बाजूंना नऊ नऊ इंच बाहेर नेला, म्हणजे कडेची फट बंद. आता ऊन कापडातून येतच नाही. पडदा आतून पडणाऱ्या प्रकाशात दिसतो आणि भिंतीशी जुळतो. ताईंची दुपारची झोप सुधारली ती मुख्यतः या अस्तरामुळे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. भिंतीचा रंग ऊन थांबवत नाही. रंग काय करतो, तर मध्येच डोळे उघडले तर नजरेला काही टोचत नाही आणि माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. रंगाकडून यापेक्षा जास्त मागू नये.

यानंतर एक त्रुटी उरली होती आणि ती ताईंच्या मुलाने बोलून दाखवली: "आई, खोली मस्त आहे, पण धुक्यात बसल्यासारखं वाटतं." मी मोबाइलवर खोलीचा फोटो काढून तो कृष्णधवल केला. भिंत, पडदा, चादर, सगळं एकाच राखाडीत विरघळलेलं. शेजारच्या रंगांचा हा अंगभूत दुबळेपणा आहे. विरुद्ध रंग एकमेकांपासून आपोआप वेगळे दिसतात, शेजारचे दिसत नाहीत, म्हणून त्यांना फिक्या-गडदाचं अंतर द्यावंच लागतं. पहिली चादर फिकी पिस्ता घेतली होती, ती भिंतीत हरवत होती, आणि मोरपंखी पांघरूण अजून यायचं होतं. चादर बदलून न रंगवलेल्या सुताची, जवळजवळ पांढरी घेतली. मोरपंखी पांघरूण आणि खुर्चीचं कापड आलं, तेही चांगलं गडद, भिजलेल्या मोरपिसासारखं. पुन्हा कृष्णधवल फोटो काढला तेव्हा चार पायऱ्या स्पष्ट मोजता आल्या: चादर, तीन भिंती, शेवाळी भिंत, पांघरूण. मोरपंखीचं प्रमाण खोलीत दहातला एक भागही नसेल, पण त्या गडद ठिपक्यांमुळेच बाकीचा हिरवा मऊ वाटतो.

आषाढात ताईंचा एकदा फोन आला की भिंती निळ्या झाल्यात का. झाल्या नव्हत्या. आठ दिवस ऊन नव्हतं, आणि ढगाळ आभाळाचा प्रकाश निळसर असतो. मे महिन्यात सात वाजेपर्यंत रेंगाळणाऱ्या तांबूस उन्हात याच भिंती ऑलिव्हसारख्या दिसल्या होत्या. मी सांगितलं की मधला हिरवा घेतल्याचा हाच उपयोग आहे. तो ऋतूप्रमाणे एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातो, पण त्या तिघांच्या बाहेर पडत नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं नाही. ताईंच्या आईने शिवलेली गोधडी. जुन्या लुगड्यांचे तुकडे, त्यात लाल आणि शेंदरी भरपूर, आणि पांढऱ्या दोऱ्याचे बारीक, सरळ टाके. हिरव्यासमोर लाल म्हणजे चक्रावरचा थेट सामना. ती मोरपंखी पांघरुणाच्या जागी एकदा ठेवून पाहिली तर खोलीत दुसरं काही दिसेचना. मी म्हटलं कपाटात ठेवा. ताई म्हणाल्या, "तुमचं रंगाचं खरं असेल, पण मला थंडीत तीच लागते." मग असं ठरलं की दहा महिने ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आणि डिसेंबर-जानेवारीत पलंगावर. गेल्या डिसेंबरात मी सहज गेले होते तेव्हा ताई दुपारच्या चारला त्या गोधडीत गाढ झोपलेल्या होत्या. मी दार हळूच ओढून घेतलं.